भिंतीवरची पट्टी आणि घरातली चौकट

मे महिन्यातल्या संध्याकाळी वळीव येतो. वीज देवळाच्या शिखरावरच्या तडितरक्षकावर पडते, तांब्याच्या पट्टीतून सरळ जमिनीत जाते आणि देवळाचा एक चिराही हलत नाही. पण शेजारच्या घरातला टीव्ही मात्र बंद पडतो. पट्टीची आणि टीव्हीची कुठेच गाठ नव्हती. मध्ये भिंत होती, हवा होती. लोक म्हणतात, "वीज आत शिरली." आत नेमके काय शिरले, ते मोजता येते. त्यासाठी लागणारे सूत्र विद्युतशास्त्रातल्या सोप्या सूत्रांपैकी आहे: एक लांब सरळ तार आणि तिच्याच प्रतलात ठेवलेली एक आयताकृती चौकट, या दोघींमधली परस्पर प्रवर्तकता. वर्गात आणि वर्कशॉपमध्ये तिला म्युच्युअल इंडक्टन्स म्हणतात.

चौकट म्हणजे काय?

चौकट म्हटले की डोळ्यांपुढे तारेचे वेटोळे येते. प्रत्यक्षात ती अशी ठेवलेली नसते, नकळत तयार होते. पत्र्याचे छप्पर असलेले एक घर घेऊ. छपरावर डिश आहे. तिची केबल एका भिंतीवरून खाली टीव्हीपर्यंत येते. खांबावरून आलेली सर्व्हिस वायर दुसऱ्या टोकाला लोखंडी पाइपातून उतरते, मीटरला जाते आणि तिथून जमिनीलगतच्या पट्टीतून टीव्हीच्या प्लगपर्यंत येते. वर पत्रे आणि अँगल दोन्ही बाजूंना सांधतात. दोन उभ्या बाजू, एक वरची, एक खालची: आयत पूर्ण झाला. त्यात एक-दोन ठिकाणी थेट जोड नसतो, फट असते. यांतली महत्त्वाची फट टीव्हीच्या आत, वीजपुरवठ्याचा भाग आणि केबलचा भाग यांच्यामध्ये असते. सगळी कथा शेवटी या फटीपाशी येऊन थांबते.

तारेभोवतीचे क्षेत्र

तारेतून विद्युतधारा वाहते तेव्हा तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते, हे १८२० मध्ये ओर्स्टेडने दाखवले. सरळ तारेभोवती क्षेत्ररेषा वर्तुळाकार असतात. उजव्या हाताचा अंगठा धारेच्या दिशेने धरला की वळलेली बोटे क्षेत्राची दिशा सांगतात. क्षेत्राची तीव्रता अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटते:

B = μ0 I / (2π r)

इथे μ0 / 2π ची किंमत 2 × 10⁻⁷ इतकी सुटसुटीत आहे. तारेतून १० अँपिअर वाहत असतील तर २ सेंटिमीटरवर १०० मायक्रोटेस्ला क्षेत्र मिळते, १० सेंटिमीटरवर २०. तुलनेसाठी, महाराष्ट्रात पृथ्वीचे स्वतःचे क्षेत्र सुमारे ४० मायक्रोटेस्ला आहे.

चौकट तारेच्याच प्रतलात असेल तर क्षेत्ररेषा तिच्यातून काटकोनात आरपार जातात. आयताच्या दोन बाजू तारेला समांतर ठेवू. जवळची बाजू तारेपासून a अंतरावर, दूरची b अंतरावर, आणि या दोन बाजूंची लांबी l. चौकटीतून एकूण किती चुंबकीय फ्लक्स जातो, हे काढायचे आहे.

पट्ट्या पाडून बेरीज

फ्लक्स म्हणजे क्षेत्र गुणिले क्षेत्रफळ, एवढे सगळ्यांना पाठ असते. अडचण अशी की इथे क्षेत्र जागोजागी वेगळे आहे. जवळच्या बाजूपाशी जास्त, दूरच्या बाजूपाशी कमी. मग कोणत्या ठिकाणचे क्षेत्र घ्यायचे?

एक चौकट ठरवून घेऊ: a = 2 सेंटिमीटर, b = 10 सेंटिमीटर, l = 20 सेंटिमीटर. तिचे तारेला समांतर असे एकेक सेंटिमीटर रुंदीचे आठ पट्टे पाडा. प्रत्येक पट्टा अरुंद आहे, म्हणून त्याच्या मध्यावरचे क्षेत्र त्या सगळ्या पट्ट्याचे धरायला हरकत नाही. पट्ट्यांचे मध्य तारेपासून 2.5, 3.5, 4.5 असे 9.5 सेंटिमीटरपर्यंत येतात. प्रत्येकाचे 1/r काढले तर 0.400, 0.286, 0.222, 0.182, 0.154, 0.133, 0.118 आणि 0.105. बेरीज 1.600.

पट्टे आणखी अरुंद करत गेलो की ही बेरीज 1.609 वर स्थिरावते. ही संख्या म्हणजे ५ चा नैसर्गिक लॉगॅरिदम, आणि ५ हे b आणि a यांचे गुणोत्तर. ज्यांना संकलन येते त्यांना हे एका ओळीत दिसेल, कारण 1/r चे संकलन ln r असते. ज्यांना येत नाही त्यांनी आठ पट्ट्यांची बेरीज स्वतः करून पाहावी. अर्ध्या टक्क्याच्या आसपासच फरक उरतो.

या बेरजेत आणखी एक गोष्ट दिसते. पहिला पट्टा एकटा एकूण फ्लक्सचा चौथा हिस्सा उचलतो, आणि तारेकडचे चार पट्टे मिळून दोन तृतीयांशाहून थोडे जास्त. क्षेत्रफळ सगळ्यांचे सारखे, पण वाटा सारखा नाही.

सूत्र काय सांगते?

एकूण फ्लक्सला तारेतल्या धारेने भागले की परस्पर प्रवर्तकता मिळते:

M = (μ0 l / 2π) ln(b/a)

चौकट एका वेढ्याची नसून N वेढ्यांची असेल तर याला N ने गुणायचे. एकक हेन्री. आपल्या चौकटीसाठी

M = 2 × 10⁻⁷ × 0.2 × 1.609 = 6.44 × 10⁻⁸ H

म्हणजे एका वेढ्याला सुमारे ६४ नॅनोहेन्री.

सूत्रात विद्युतधारा नाही, वारंवारता नाही, तारेचा धातू नाही. आहे ती फक्त भूमिती. त्यातही अंतरे सुटी येत नाहीत, त्यांचे गुणोत्तर येते. a आणि b दोन्ही पन्नास पटींनी वाढवले तरी ln(b/a) तेवढाच राहतो. म्हणूनच टेबलावर तपासलेले सूत्र पुढे घराच्या भिंतीवर नेता येईल.

M कळल्यावर चौकटीत निर्माण होणारा विद्युतदाब फॅरडेच्या १८३१ च्या नियमाने मिळतो: M गुणिले धारेच्या बदलाचा वेग. तारेतली धारा वाढत असेल तर चौकटीतला दाब त्या वाढीला विरोध करणारी धारा वाहवू पाहतो. घटत असेल तर उलट. धारा कितीही मोठी असो, ती स्थिर असेल तर चौकटीत काहीच मिळत नाही.

टेबलावर मोजून पाहू

हे सूत्र कॉलेजच्या प्रयोगशाळेत दुपारभरात तपासता येते. लाकडी चौकटीवर वरच्याच मापाचे १०० वेढे गुंडाळा. जाड तारेचा मीटरभर सरळ भाग टेबलावर ताणून बसवा आणि स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरमधून त्यात ५० हर्ट्झचे १० अँपिअर सोडा. तारेचा उरलेला भाग, म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडे जाणारा-येणारा, चौकटीपासून जितका दूर नेता येईल तितका न्या. कुंडलाची टोके मिलिव्होल्ट मोजणाऱ्या एसी मीटरला जोडा.

१०० वेढ्यांसाठी M आहे 6.44 मायक्रोहेन्री. ५० हर्ट्झला 2πf म्हणजे ३१४. M, ३१४ आणि १० अँपिअर यांचा गुणाकार केला की २०.२ मिलिव्होल्ट येतात. आता चौकट सरकवत जा. रुंदी ८ सेंटिमीटर कायम राहते, म्हणून a बदलला की b ही बदलतो:

a = 2 सेंमी, गुणोत्तर 5: २०.२ मिलिव्होल्ट
a = 4 सेंमी, गुणोत्तर 3: १३.८ मिलिव्होल्ट
a = 8 सेंमी, गुणोत्तर 2: ८.७ मिलिव्होल्ट
a = 16 सेंमी, गुणोत्तर 1.5: ५.१ मिलिव्होल्ट

आडव्या अक्षावर ln(b/a) आणि उभ्या अक्षावर दाब घेऊन आलेख काढला तर मूळ बिंदूतून जाणारी सरळ रेषा यायला हवी. तिचा चढ १२.६ मिलिव्होल्ट. एका वाचनावर विश्वास ठेवण्यापेक्षा ही रेषा पाहावी, कारण चूक कुठे झाली ते रेषाच सांगते.

चुका कुठे होतात?

पहिली चूक वहीत होते. विद्यार्थी चौकटीच्या मध्यावरचे क्षेत्र घेतो, म्हणजे तारेपासून ६ सेंटिमीटरवरचे, आणि त्याला सगळ्या क्षेत्रफळाने गुणतो. उत्तर येते ५३ नॅनोहेन्री, खऱ्यापेक्षा १७ टक्के कमी. दुसरा विद्यार्थी दोन्ही बाजूंवरच्या क्षेत्रांची सरासरी घेतो. त्याला ९६ मिळतात, म्हणजे जवळजवळ दीडपट. दोघांनीही 1/r ची वक्र रेषा सरळ असल्याचे गृहीत धरलेले असते. चौकट तारेपासून खूप दूर असेल तर ही चूक लपून जाते, जवळ आली की उघडी पडते.

दुसरी चूक पट्टीची. a हे अंतर तारेच्या मध्यरेषेपासून मोजायचे असते, पण पट्टी टेकते ती प्लास्टिकच्या आवरणाला. आवरणासकट तार ४ मिलिमीटर जाडीची असेल तर २ मिलिमीटर हिशोबातून निसटतात. आपण २ सेंटिमीटर लिहितो, प्रत्यक्षात २.२ असतात. मीटर जवळजवळ ५ टक्के कमी दाखवतो. आलेखात ही चूक ओळखू येते: दूरचे बिंदू रेषेवर बसतात, जवळचे तिच्याखाली घसरतात. शंभर वेढ्यांच्या कुंडलालाही स्वतःची जाडी असते. तिथे गुंडाळीच्या मध्यापासून मोजावे.

तिसरी चूक खोलीची. भिंतीतल्या वायरिंगचे ५० हर्ट्झही कुंडलात शिरतात, आणि मीटरला ते वेगळे ओळखता येत नाहीत. याला सोपा उपाय आहे. सरळ तारेमुळे चौकटीतून जाणारा फ्लक्स फक्त तिच्या दोन समांतर बाजूंच्या तारेपासूनच्या अंतरांवर ठरतो. त्या कुठल्या प्रतलात आहेत याला महत्त्व नाही, कारण तारेच्या मध्यरेषेभोवती गोल फिरताना क्षेत्ररेषा ओलांडाव्या लागत नाहीत. तेव्हा दोन्ही बाजू तारेपासून सारख्याच अंतरावर येतील अशी चौकट उभी करा. गुणोत्तर १ झाले, लॉगॅरिदम शून्य झाला, मीटरनेही शून्य दाखवायला हवे. तरीही काही उरत असेल तर ते खोलीचे आहे किंवा तारेच्या परतीच्या भागाचे.

परतीची तार

सूत्रातली तार एकटी आणि अनंत लांब आहे. खऱ्या जगात धारा गेली की परत यावी लागते. परतीची तार किती जवळून येते यावर चौकटीचे नशीब ठरते.

त्याच टेबलावर परतीची तार मूळ तारेला लागून, पण चौकटीच्या विरुद्ध बाजूला, ५ मिलिमीटरवर ठेवू. तिच्यातली धारा उलटी, म्हणून तिचा फ्लक्स वजा होतो. तिच्यासाठी a आहे 2.5 आणि b आहे 10.5 सेंटिमीटर, गुणोत्तर 4.2, लॉगॅरिदम 1.435. वजाबाकी केली की 1.609 मधून 0.174 उरतात. परस्पर प्रवर्तकता ६४ वरून ७ नॅनोहेन्रीवर येते. पाच मिलिमीटरवरच्या सोबतीने नऊ हिश्श्यांतले आठ हिस्से पुसले गेले.

इलेक्ट्रिशियनला हे हाताने माहीत असते. क्लॅम्प मीटरचा जबडा एकाच तारेभोवती अडकवला तर अँपिअर दिसतात, दोन्ही तारांची केबल एकत्र जबड्यात घेतली तर शून्य. सिग्नलच्या तारा एकमेकींना पीळ देऊन का नेतात, याचे मूळही याच वजाबाकीत आहे. तिथे चौकटच पिळल्यामुळे लहान-लहान तुकड्यांत उलटसुलट होते आणि एका तुकड्यातला दाब पुढच्या तुकड्यातल्या दाबाला मारतो.

उलट बाजूने पाहिले तर

आता धारा चौकटीत सोडा आणि सरळ तारेत किती दाब येतो ते विचारा. M तेवढाच निघतो, हे १८४५ मध्ये नॉयमनने मांडलेल्या सूत्रावरून दिसते, कारण त्या सूत्रात दोन्ही मंडलांना अगदी सारखे स्थान आहे. पण सरळ तारेला वेटोळेच नाही, मग फ्लक्स कुठून जातो? उत्तर असे की अनंत तार प्रतलाचे दोन भाग करते, आणि ज्या अर्ध्या भागात चौकट नाही तो सगळा अर्धा भाग तिचे वेटोळे समजायचा.

चौकट अगदी लहान, A क्षेत्रफळाची असेल तर हे करून पाहता येते. तिच्या प्रतलात तिचे क्षेत्र अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते. ते तारेपलीकडच्या सगळ्या अर्ध्या प्रतलावर बेरजेला घेतले की M = μ0 A / (2π a) मिळते. आता सरळ मार्गाने पाहा. चौकटीची रुंदी a च्या मानाने फार लहान असेल तर ln(b/a) जवळजवळ रुंदी भागिले a होतो, आणि रुंदी गुणिले l म्हणजे क्षेत्रफळ. सूत्र तेच येते. दोन पूर्ण वेगळ्या बेरजा एकाच ठिकाणी येऊन मिळतात. व्यवहारात याचा फायदा असा की जी बाजू मोजायला सोपी ती मोजायची. लांब तारेतला दाब मोजणे त्रासाचे. चौकटीतला सहज मोजता येतो.

पुन्हा भिंतीकडे

आता देवळाजवळच्या घराकडे वळू. तडितरक्षकाची पट्टी घराच्या भिंतीबाहेरून उभी खाली उतरते. डिशची केबल तिच्यापासून १ मीटरवर, सर्व्हिस वायर ५ मीटरवर. छपरापासून जमिनीलगतच्या पट्टीपर्यंत उंची ३ मीटर. म्हणजे a = 1, b = 5, l = 3. गुणोत्तर पुन्हा ५ आणि लॉगॅरिदम तोच 1.609.

M = 2 × 10⁻⁷ × 3 × 1.609 = 9.7 × 10⁻⁷ H

जवळजवळ एक मायक्रोहेन्री. आता धारेच्या बदलाचा वेग हवा. तडितसंरक्षणाच्या आयईसी ६२३०५ या मानकात साध्या पातळीच्या रचनेसाठी दोन ठोके गृहीत धरतात. पहिला १०० किलोअँपिअरचा, १० मायक्रोसेकंदांत वर चढणारा. त्यामागून त्याच वाटेने येणारा पुढचा ठोका फक्त २५ किलोअँपिअरचा, पण तो पाव मायक्रोसेकंदात चढतो. पहिल्याचा वेग मायक्रोसेकंदाला १० किलोअँपिअर, दुसऱ्याचा १००.

M ने गुणले की पहिल्या ठोक्याला चौकटीत सुमारे ९,७०० व्होल्ट मिळतात आणि दुसऱ्याला सुमारे ९७,००० व्होल्ट. धारा चौपट लहान, दाब दहापट मोठा. घरातल्या टीव्हीचा निकाल पहिल्या प्रचंड ठोक्याने लागतोच असे नाही. मागून येणारा चपळ ठोका जास्त धोक्याचा.

टेबलावरच्या प्रयोगाशी ही तुलना करून पाहा. ५० हर्ट्झच्या १० अँपिअरमध्ये धारेच्या बदलाचा कमाल वेग सेकंदाला सुमारे ४,४०० अँपिअर असतो. विजेच्या दुसऱ्या ठोक्यात तो सव्वादोन कोटी पट आहे. M मात्र टेबलावरच्या एका वेढ्याच्या फक्त १५ पट. मिलिव्होल्टच्या अंशापासून लाखाच्या घरापर्यंतची झेप भूमितीने घेतलेली नाही, वेगाने घेतली आहे.

हा दाब चौकटीतल्या फटींवर वाटला जातो. त्यातली टीव्हीच्या आतली फट काही हजार व्होल्टांसाठी बनवलेली असते. ती फुटली की ठिणगी पडते, चौकट पूर्ण होते आणि तिच्यातून धारा वाहू लागते. या धारेला मर्यादा येते ती चौकटीच्या स्वतःच्या इंडक्टन्सची. ३ बाय ४ मीटरच्या, १ मिलिमीटर त्रिज्येच्या तारेच्या आयतासाठी तो सुमारे २० मायक्रोहेन्री निघतो. म्हणजे पट्टीतल्या धारेचा विसावा हिस्सा चौकटीत: २५ किलोअँपिअरच्या ठोक्याला हजार अँपिअरहून जास्त, क्षणभरासाठी. सर्किट बोर्डावर काळे डाग पडायला तेवढा क्षण पुरतो.

काय बदलले की काय घटते

आता घरमालकाला दोन सल्ले मिळतात. एक म्हणतो, केबल पट्टीपासून दूर न्या. दुसरा म्हणतो, दोन्ही वायरी जवळजवळ आणा. सूत्राला विचारू.

चौकटीची रुंदी ४ मीटर कायम ठेवून ती सगळीच १ मीटरऐवजी २ मीटरवर नेली तर गुणोत्तर 3 होते आणि दाब ९७ वरून ६६ किलोव्होल्टवर येतो. अंतर चौपट केले, म्हणजे ४ मीटरवर नेले, तर गुणोत्तर 2 आणि दाब ४२ किलोव्होल्ट. लॉगॅरिदम फार हळू घटतो. एवढ्या खटाटोपानंतरही टीव्ही वाचत नाही.

आता केबल जिथे आहे तिथेच ठेवा आणि सर्व्हिस वायर तिच्याशेजारी, ५ सेंटिमीटरवर आणा. a = 1, b = 1.05, लॉगॅरिदम 0.049. दाब ९७ वरून सुमारे ३ किलोव्होल्टवर येतो, म्हणजे तेहतिसावा हिस्सा. दोन्ही वायरी एकाच लोखंडी पाइपातून नेल्या तर तो आणखी उतरतो. उरलेले काम मीटरपाशी बसवलेला सर्ज प्रोटेक्टर करू शकतो. त्याच्यापुढे लाखाच्या घरातला दाब उभा केला असता तर त्यानेही हात टेकले असते.

या दोन सल्ल्यांतला फरक पट्ट्यांच्या बेरजेत आधीच दिसला होता. दूर सरकल्याने प्रत्येक पट्ट्याचा वाटा थोडा कमी होतो. वायरी जवळ आणल्याने पट्टेच उरत नाहीत.

सूत्र कुठपर्यंत खरे?

तार लांब असावी, ही पहिली अट. टेबलावरचा सरळ भाग मीटरभर होता आणि चौकटीची दूरची बाजू १० सेंटिमीटरवर. तिथे क्षेत्र अनंत तारेपेक्षा सुमारे २ टक्के कमी भरते, जवळच्या बाजूपाशी तर टक्क्याच्या दहाव्या हिश्श्याएवढेच. तारेची लांबी दूरच्या बाजूच्या अंतराच्या दहापट असली की बहुतेक कामे चालतात. विजेच्या बाबतीत पट्टीच्या वर आकाशापर्यंत गेलेला विजेचा झोतच तारेचे काम करतो. जमिनीकडच्या टोकाला मात्र धारा पसरते आणि हिशोब थोडा सैल होतो.

a कमी करत शून्याकडे नेला तर सूत्र अनंत उत्तर देते. प्रत्यक्षात a तारेच्या त्रिज्येपेक्षा लहान होऊ शकत नाही, म्हणून हा प्रश्न कागदावरच राहतो. दुसऱ्या टोकाला, b वाढवत नेला तरीही M वाढतच राहतो. एकट्या अनंत तारेचा फ्लक्स संपत नाही, आणि ही गोष्टच सांगते की परतीचा मार्ग कुठेतरी असायलाच हवा.

बदल फार जलद असतील तर क्षेत्राला चौकटीच्या दूरच्या बाजूपर्यंत पोचायला लागणारा वेळही पाहावा लागतो. पाच मीटरसाठी तो १७ नॅनोसेकंद. पाव मायक्रोसेकंदापुढे तो लहान आहे, म्हणून आपला हिशोब उभा राहतो. शेकडो मेगाहर्ट्झच्या सिग्नलसाठी हेच सूत्र या अंतरावर वापरले तर ते फसवेल.

भिंतीत लोखंडी सळ्या असतील किंवा तडितरक्षकाच्या पट्ट्या एकाऐवजी चार असतील, तर प्रत्यक्ष दाब या आकड्यांपेक्षा बराच कमी येतो, कारण धारा वाटली जाते आणि आतली क्षेत्रे एकमेकांना काही प्रमाणात मारतात. उलट, वीज जमिनीत उतरताना आसपासच्या जमिनीचाच दाब चढतो आणि तो अर्थिंगमधून घरात येतो. त्या नुकसानीचा या सूत्राशी संबंध नाही. फ्यूज, अर्थिंग आणि प्रोटेक्टर यांच्याकडे म्हणूनच वेगळे पाहावे लागते.

पण घरातली चौकट आपल्या हातात असते. या पावसाळ्यापूर्वी छपरावर चढलात तर डिशची केबल आणि सर्व्हिस वायर कुठून उतरतात ते पाहा. दोन वेगवेगळ्या टोकांना उतरत असतील तर त्यांच्यामध्ये एक मोठी चौकट उभी आहे. केबल शेजारून उतरवून घ्या, आणि आकाशात गडगडाट सुरू होण्याआधी प्लगही काढा आणि डिशची पिनही काढा. फक्त प्लग काढलात तरी चौकटीचे एक टोक टीव्हीला लागलेलेच राहते.